पहिला आयफोन, पहिलं खातं आणि आपोआप सुरू झालेली बटणं

वर्षानुवर्षं अँड्रॉइड वापरलेला माणूस पहिल्यांदा आयफोन चालू करतो, तेव्हा सुरुवात सुरळीत होते. भाषा निवडली, देश निवडला, वाय-फाय जोडलं, चेहरा दाखवला, सहा आकडी पासकोड ठरवला. मग एक पडदा येतो, त्यावर ॲपल अकाउंटचा ईमेल किंवा फोन नंबर मागितलेला असतो, आणि हात थांबतो. आपल्याकडे तसलं खातंच नाही. शेजारी बसलेला मुलगा किंवा पुतण्या म्हणतो, "थांबा, आत्ता माझंच टाकतो, नंतर बदलू." फोन लगेच चालू होतो आणि सगळे खूश होतात. आयफोनबद्दल नंतर ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या एका वाक्यात सुरू झालेल्या असतात. म्हणून हा पडदा आणि त्याच्या पुढची पाच-दहा मिनिटं नीट समजून घेऊ.

आधी खात्याबद्दल. २०२४ पर्यंत याला ॲपल आयडी म्हणत. त्या वर्षी आयओएस १८ बरोबर नाव बदलून ॲपल अकाउंट झालं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. नावं दोन असली तरी खातं एकच. ॲप उतरवायला तेच लागतं. फोन हरवला तर नकाशावर शोधायला तेच लागतं. आणि तुमचे फोटो, नंबर, टिपणं ॲपलच्या सर्व्हरवर कोणाच्या नावाने ठेवायची, हेही त्यावरूनच ठरतं. खात्यात साइन इन करताच सहसा Find My सुरू होतं आणि त्याबरोबर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो. पुढे कोणी फोन पूर्ण पुसला, तरी तो पुन्हा चालू करायला याच खात्याचा पासवर्ड लागतो. थोडक्यात, पुतण्याचं खातं टाकलं तर फोनची चावी पुतण्याकडे गेली. जुना आयफोन विकत घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. आधीच्या मालकाने स्वतःचं खातं काढलेलं नसेल, तर तो फोन तुमच्या हातात असूनही तुमचा नसतो.

तेव्हा स्वतःचं खातं काढायचं. ईमेल मागणाऱ्या त्या पडद्यावर Forgot password or don't have an Apple Account? असा ओझरता दिसणारा मजकूर असतो. तो दाबला की Create a Free Apple Account हा पर्याय मिळतो. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि या टप्प्यावर बँकेचं कार्डही द्यावं लागत नाही. नाव आणि जन्मतारीख विचारली जाते. जन्मतारीख खरीच द्या. घाईत पडद्यावर आधीपासून असलेली तारीख तशीच पुढे ढकलणारे बरेच असतात. पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली आणि तीच तारीख विचारली, तर आठवणार काय?

नंतर ईमेलचा प्रश्न येतो. हातात असलेला पत्ता वापरा, नाहीतर icloud.com चा नवा फुकट पत्ता घ्या, असे दोन पर्याय असतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या जीमेलमध्ये तुम्ही रोज डोकावता, तोच द्या. ऑफिसचा पत्ता देऊ नका, कारण नोकरी बदलली की तो बंद होतो. मुलाचाही देऊ नका, कारण पडताळणीचे कोड त्याच्याकडे जातील. पण जीमेल दिल्यावर एक गोंधळ हमखास होतो. फोन पासवर्ड मागतो आणि माणूस जीमेलचा पासवर्ड टाकत बसतो. वापरलेला पत्ता जीमेलचा असला तरी हे खातं वेगळं आहे आणि त्याचा पासवर्डही वेगळा आहे. तो किमान आठ अक्षरांचा लागतो, त्यात लहान अक्षर, मोठं अक्षर आणि आकडा असावा लागतो. म्हणजे आता तीन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या: फोन उघडायचा पासकोड, जीमेलचा पासवर्ड आणि ॲपल अकाउंटचा पासवर्ड. घरातल्या वहीत लिहायचं असेल, तर प्रत्येकापुढे तो कशाचा आहे हे पूर्ण लिहा.

या तिघांत पासकोड सर्वांत साधा वाटतो, पण त्याची ताकद मोठी आहे. स्वतःच्या फोनवरून ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलताना जुना पासवर्ड विचारला जात नाही, पासकोड विचारला जातो. विसराळू माणसासाठी ही मोठी सोय आहे. पण गर्दीत खांद्यावरून कोणी पासकोड पाहिला आणि मग फोन पळवला, तर त्याच्याही हाती तीच सोय लागते. १२३४५६ किंवा जन्मवर्ष ठेवू नका. Settings मध्ये Face ID & Passcode खाली Stolen Device Protection नावाचं बटण आहे, ते चालू असल्याची खात्री करून घ्या. ते चालू असलं की घर किंवा ऑफिससारख्या नेहमीच्या जागांपासून दूर असताना पासवर्ड बदलायला नुसता पासकोड पुरत नाही. चेहरा दाखवावा लागतो आणि तासभर थांबावंही लागतं.

शेवटी फोन नंबर. नव्या फोनवर साइन इन करताना सहा आकडी कोड येतो तो या नंबरवर, किंवा तुमच्याच दुसऱ्या ॲपलच्या उपकरणावर. पहिलाच आयफोन असेल तर दुसरं उपकरण नसतं, म्हणजे सगळी मदार सिमवर. फोन हरवला तर सिमही त्यातच गेलेलं असतं. म्हणून खातं तयार झाल्यावर Settings मध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या आपल्या नावावर जाऊन Sign-In & Security मध्ये घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाचा नंबरही जोडून ठेवा. हा नंबर जोडला म्हणून त्या माणसाला तुमचं खातं उघडता येत नाही. अडचणीच्या वेळी कोड त्याच्याकडे येतो, इतकंच.

परदेशातल्या मुलांनी आईवडिलांसाठी फोन पाठवला असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ या मॉडेलपासून सिमकार्डचा कप्पाच नाही, तिथे ई-सिमच लागतं. ते सुरू होईपर्यंत पडताळणीचा कोड जुन्या फोनमधल्या सिमवर घेता येतो, त्यात काही अडचण नाही. दुसरं म्हणजे खात्याचा देश. फोन कुठून आला यावर तो ठरत नाही, तुम्ही काय निवडता यावर ठरतो. राहायचं पुण्यात किंवा पणजीत असेल तर भारतच निवडा. आपल्या काही बँका आणि सरकारी सेवांची ॲप भारताच्या ॲप स्टोअरमध्येच मिळतात. देश नंतर बदलता येतो, पण त्याआधी चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात आणि खात्यात उरलेली रक्कम संपवावी लागते.

अटींना होकार दिला की खातं तयार होतं. नंतर फोन आणखी काही विचारतो, आपण Continue, Continue दाबत जातो, आणि मुख्य पडदा येतो. या सगळ्यात आयक्लाउडने कामाला सुरुवात केलेली असते.

काय सुरू झालं ते पाहायला Settings उघडा, आपल्या नावावर जा आणि iCloud वर टिचकी मारा. तिथे Saved to iCloud या मथळ्याखाली काही चौकटी दिसतील. See All दाबलं की पूर्ण यादी उघडते. नवीन खात्यावर यातलं बहुतेक सगळं चालू असतं: फोटो, संपर्क, कॅलेंडर, स्मरणनोंदी, नोट्स, सफारीचे बुकमार्क, आरोग्याच्या नोंदी, पासवर्ड आणि फाइल ठेवायचं आयक्लाउड ड्राइव्ह. पुढे उतरवलेल्या इतर ॲपपैकी ज्यांना आयक्लाउडमध्ये काही ठेवायचं असतं, त्यांची बटणंही याच यादीत येतात. संदेशांचं बटण मात्र स्वतः पाहून घ्या. आणि या यादीपासून वेगळी iCloud Backup नावाची एक ओळ असते, तीही सहसा चालूच असते.

ती वेगळी ओळ महत्त्वाची आहे. ॲपलने आयक्लाउड ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू केलं, तेव्हापासून त्यात दोन वेगळी कामं एका नावाखाली चालतात, आणि लोकांचा घोटाळा तिथेच होतो. पहिलं काम सिंकचं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर आठवा. दुधाचा हिशोब त्यावर एकदाच लिहिलेला असतो आणि घरातले सगळे तोच वाचतात. कोणी खोडला, तर सगळ्यांसाठी खोडला गेला. सिंक तसंच आहे. संपर्काची यादी एकच असते, फोनवर दिसते ती तीच, आयपॅडवर दिसते ती तीच, आणि संगणकावर icloud.com उघडलं तरी तीच. दुसरं काम बॅकअपचं, म्हणजे त्या पानाची रात्री काढलेली झेरॉक्स. ती नेहमी उघडून पाहायची नसते. फोन हरवला किंवा नवीन घेतला, की तिच्यावरून सगळं पुन्हा उभं करायचं असतं.

आणि एकदा सिंक होत असलेल्या गोष्टी बॅकअपमध्ये पुन्हा घेतल्या जात नाहीत. फोटोंचं सिंक चालू असेल तर बॅकअपमध्ये फोटो नसतात, आणि संपर्क, कॅलेंडर, नोट्स यांचंही तसंच. "माझा बॅकअप रोज होतो, मग फोनमधून पुसले तरी काय झालं?" असं समजून हजारभर फोटो काढून टाकले, की ते सर्वत्रच जातात. Recently Deleted या अल्बममध्ये ते ३० दिवस दिसतात, तेवढ्यात परत घ्यायचे. नंतर ते गेले.

मग बॅकअपमध्ये असतं काय? फोनच्या सेटिंग, ॲपची मांडणी, ॲपमधला डेटा, आणि सिंक बंद असेल तर संदेश आणि फोटो. ॲप स्वतः त्यात नसतं, ते ॲप स्टोअरमधून पुन्हा उतरतं. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उतरलं तरी नोंदणी नव्याने करावी लागते, कारण ती सिमशी बांधलेली असते. हा बॅकअप आपोआप होतो, पण फोन चार्जिंगला, लॉक केलेला आणि वाय-फायवर असेल तेव्हा. घरी वाय-फाय नसलेली आणि दिवसभर मोबाइल डेटावर असणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या फोनवर बटण हिरवं असतं आणि बॅकअप मात्र कित्येक आठवडे झालेला नसतो. iCloud Backup वर जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख वाचली की कळतं. बटणाच्या रंगावर विसंबू नका, तारीख वाचा.

अँड्रॉइडवरून येणाऱ्यांचा पहिला प्रश्न संपर्कांचा असतो. तुमचे नंबर बहुधा गुगलच्या खात्यात आहेत. आयफोनवर तेच जीमेल जोडून त्यातलं Contacts चं बटण चालू केलं, की सगळे नंबर दिसू लागतात. लोकांना वाटतं ते आयक्लाउडमध्ये आले. तसं झालेलं नसतं. ते गुगलकडेच आहेत, आयफोन फक्त दाखवतो आहे. यापुढे नवीन नंबर साठवाल तो मात्र आयक्लाउडमध्ये जाऊ शकतो. सहा महिन्यांनी यादी दोन घरांत वाटली जाते: जुने गुगलकडे, नवे ॲपलकडे. मग कधीतरी जीमेल फोनमधून काढलं की निम्मी माणसं गायब होतात, किंवा पुन्हा अँड्रॉइड घेतला की नवे नंबर सापडत नाहीत. हे टाळायचं तर एक घर ठरवा. Settings मध्ये Apps, त्यात Contacts, त्यात Default Account असं गेलं की नवे नंबर कुठे ठेवायचे ते निवडता येतं. घरात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही चालत असतील, तर मी गुगलच ठेवा म्हणेन. दोन्हीकडे दिसतं आणि पुढे फोन बदलायचं स्वातंत्र्यही राहतं.

दुसरा प्रश्न व्हॉट्सॲपचा. अँड्रॉइडवरची व्हॉट्सॲपची संभाषणं आयफोनवर आणता येतात. त्यासाठी ॲपलचं Move to iOS हे ॲप जुन्या फोनवर लागतं आणि नंबर तोच ठेवावा लागतो. पण ही संधी फोन पहिल्यांदा मांडत असताना मिळते. खात्याच्या पडद्याच्या आधी, डेटा कुठून आणायचा हे विचारणारा पडदा येतो, तिथे From Android निवडायचं. घाईत तो ओलांडला आणि दहा दिवस नवा फोन वापरला, तर मागे यायला फोन पुसून पुन्हा सुरुवातीपासून मांडावा लागतो. गुगलमध्ये पडलेला व्हॉट्सॲपचा जुना बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. आयफोनवर आल्यावर व्हॉट्सॲपचा नवा बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो, पण त्याची वेळ व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये, Chats आणि मग Chat Backup इथे ठरवावी लागते. आयक्लाउड ड्राइव्ह बंद असेल तर तो होत नाही.

आता जागेचं गणित. आयक्लाउडमध्ये ५ जीबी फुकट मिळतात, २०११ पासून तेवढेच. फोटो, फाइल, बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप, icloud.com चा पत्ता घेतला असेल तर त्याची मेलसुद्धा, सगळं याच ५ जीबीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आयफोन स्वतःच सांगतो की साध्या १०८०पी व्हिडिओच्या एका मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात, आणि ४के व्हिडिओला ३० फ्रेमच्या वेगाने १७० एमबी. म्हणजे ४के मध्ये अर्धा तास चित्रीकरण झालं की सगळी फुकट जागा संपली. नातवाचं बारसं किंवा घरचा गणपती, एवढ्यात भरतं. मग जागा संपल्याची सूचना रोज येऊ लागते. फोनमध्ये १२८ पैकी शंभर जीबी रिकामे आहेत, मग भरलं काय, असं माणूस विचारतो. भरली ती फोनची जागा नव्हे, सर्व्हरवरची. फोन चालतो, फोटोही निघतात, पण नवे फोटो वर जात नाहीत आणि बॅकअप अडतो.

इथे लोक जे करतात, त्यातून नुकसान होतं. फोनमधले जुने फोटो पुसून जागा करायला जातात, आणि सिंक चालू असल्यामुळे ते फोटो खरोखर नष्ट करतात. गुगल फोटोज वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. त्या ॲपमध्ये फोनमधली जागा मोकळी करायचा पर्याय असतो. अँड्रॉइडवर तो बिनधास्त वापरलेला असतो. आयफोनवर तो वापरला की फोटो फोनच्या संग्रहातून जातात आणि सिंकमुळे आयक्लाउडमधूनही जातात. प्रत गुगलकडे उरते, पण ती खरोखर पूर्ण आकारात तिथे चढली आहे का, हे आधी पाहायला हवं.

मार्ग दोन आहेत. एक म्हणजे जागा विकत घेणं. भारतात ५० जीबीला महिना ७५ रुपये आणि २०० जीबीला २१९ रुपये पडतात, आणि ते यूपीआयनेही भरता येतात. फोटो जपायचे असतील आणि एकच ठिकाण हवं असेल, तर पन्नास जीबी घेऊन मोकळं व्हावं, असं मी घरातल्या माणसांना सांगते. दुसरा मार्ग म्हणजे आयक्लाउडमधलं फोटोंचं सिंक बंद करून फोटो गुगलकडे ठेवणं. पण त्यात एक गोष्ट सुटते. सिंक बंद झालं की फोटो 'सिंक न होणाऱ्या' गोष्टींत मोडतात आणि रात्रीच्या बॅकअपमध्ये शिरतात. ५ जीबी पुन्हा भरतात, या वेळी बॅकअपच्या नावाने. म्हणून iCloud Backup मध्ये जाऊन या फोनच्या यादीतलं Photo Library चं बटणही बंद करावं लागतं. ते केलं की पाच जीबीत बाकीचं सगळं आरामात मावतं.

सिंक बंद करण्याआधी आणखी एक पाहा. फोटोंच्या सेटिंगमध्ये Optimize iPhone Storage निवडलेलं असेल, तर फोनमध्ये लहान आकाराच्या प्रती असू शकतात आणि मूळ फोटो सर्व्हरवर असतात. आधी Download and Keep Originals निवडा, वाय-फायवर रात्रभर फोन ठेवा, मूळ फोटो उतरू द्या आणि मगच बटणाला हात लावा.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. आयक्लाउडमधलं सगळं कुलूपबंद असतं, पण कुलपं दोन तऱ्हेची. पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी अशा आहेत की त्या ॲपललाही उघडता येत नाहीत. फोटो, नोट्स, फाइल आणि बॅकअप यांच्या किल्ल्या मात्र मूळ रचनेत ॲपलकडेही असतात. म्हणूनच पासवर्ड विसरल्यावर कंपनीची मदत होऊ शकते आणि हा डेटा परत मिळू शकतो. Advanced Data Protection हा पर्याय चालू केला तर याही किल्ल्या फक्त तुमच्याकडे राहतात. तो आपोआप चालू नसतो, आणि पहिल्या वर्षी तो तसाच राहू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. पासवर्ड, पासकोड आणि नंबर यांची घडी नीट बसेपर्यंत मदतीचा तो दरवाजा उघडा असलेला बरा.

आता पुन्हा त्या "माझंच टाकतो"कडे येऊ, कारण सिंक म्हणजे काय हे कळल्यावरच त्यातला धोका दिसतो. समजा, नाशिकला राहणाऱ्या आईच्या नव्या फोनवर मुलाने स्वतःचं खातं टाकलं आणि तो पुण्याला परत गेला. दुसऱ्या दिवशी आईच्या फोनवर त्याच्या ऑफिसातले चारशे नंबर दिसू लागले. त्याच्या मित्रांबरोबरचे फोटो तिच्या संग्रहात आणि तिने काढलेले रांगोळीचे फोटो त्याच्याकडे. त्याने कोणाला फोन केला, ते तिच्या कॉलच्या यादीत. त्याने साठवलेले पासवर्डही तिच्या फोनमध्ये. आईला वाटलं, हे अनोळखी नंबर कुठून आले? तिने दुपारभर बसून एकेक काढून टाकले. संध्याकाळी मुलाच्या फोनमधून त्याचं ऑफिस नाहीसं झालं होतं.

नंबर परत मिळतात. संगणकावर icloud.com उघडून साइन इन केलं की Data Recovery नावाचा विभाग असतो. तिथे Restore Contacts मध्ये गेल्या ३० दिवसांतल्या जुन्या याद्या तारखेनिशी दिसतात. ज्या दिवशी यादी शाबूत होती ती तारीख निवडायची. सध्याची यादी जाऊन तिच्या जागी जुनी येते, पण सध्याचीही एक प्रत आधी काढून ठेवली जाते, म्हणून मधल्या काळात आलेला एखादा नंबर कायमचा हरवत नाही.

त्यानंतर खाती वेगळी करायची, आणि इथे क्रम चुकला तर पुन्हा तेच होतं. आधी आईच्या फोनवर मूळ फोटो पूर्ण उतरू द्यायचे. मग Settings मध्ये नावावर जाऊन तळाशी असलेलं Sign Out दाबायचं. मुलाचा पासवर्ड मागितला जाईल, कारण Find My त्याच्या नावावर आहे. या वेळी तो शेजारी किंवा फोनवर हवा. फोन विचारेल, संपर्क वगैरेंची प्रत इथे ठेवायची का? संपर्कांचं बटण चालू करायचं. बाहेर पडल्यावर आईच्या नावाने, आईच्या जीमेलवर, आईच्या नंबरवर नवं खातं काढायचं आणि फोनवरच्या गोष्टी त्यात विलीन करायच्या. आता फोनमध्ये मुलाचे नंबर आणि फोटो अजून दिसतील, पण त्या वेगळ्या प्रती आहेत. त्या पुसायची वेळ आत्ता आली. Sign Out च्या आधी पुसल्या तर मुलाच्या पुसल्या जातात, नंतर पुसल्या तर आईच्या. खात्री हवी असेल, तर आधी एकच नंबर काढून मुलाला विचारा, तुझ्याकडे अजून आहे ना?

एकच खातं वापरण्यामागे लोकांचा हेतू बहुतेक वेळा पैसे वाचवण्याचा असतो: एकदा घेतलेलं ॲप, एकदा घेतलेली जागा. त्यासाठी Family Sharing आहे. त्यात घरातली सहाजणं आपापल्या खात्यांनी येतात. मुलाने २०० जीबी घेतले तर ते सगळ्यांमध्ये वाटले जातात. कोणी किती जागा वापरली हे त्याला दिसतं. आईचे फोटो, नंबर आणि संदेश मात्र त्याला दिसत नाहीत, आणि त्याचेही तिला नाहीत.